'सत्तास्थापनेचा दावा' डेन्मार्कात चालेल का?

रानजाई: 'बोर्गेन' या डॅनिश मालिकेची मराठी सबटायटल्स करते आहे. त्यात निवडणूक झाली की एकेका पक्षाचे नेते राणीला भेटतात आणि सरकार जुळवायची बोलणी कोणी करावीत ते सुचवतात. ज्याच्या मागे जास्त जागा, त्याच्यावर ते काम सोपवलं जातं. त्याचं तिथलं नाव शब्दशः 'शाही तपासनीस'. मी लिहिलं, 'तिने सत्तास्थापनेचा दावा केला.' तपासणाऱ्याने खोडलं. मग काय लिहू?

अक्षरवेडा: 'दावा' मुळात अरबी, कोर्टकज्जातला. 'अधिकारकथन' लिहा.

तिसरी घंटा: दोन सेकंदांच्या ओळीत 'अधिकारकथन' कोण वाचणार? 'निमंत्रण' पुरे. सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावतात, मग त्याने १७९ पैकी ९० जागा दाखवून बहुमत सिद्ध करायचं. दुसऱ्या भागाचं नावच 'नव्वदपर्यंत मोज' आहे.

गोदाकाठ: ९० बरोबर, बाकी नाही. मोठा पक्ष म्हणून कोणाचा हक्क लागत नाही, आणि तिथे विश्वासदर्शक ठरावही नसतो. विरोधात बहुमत जमत नाही तोवर सरकार चालतं. म्हणून अल्पमतातली सरकारं तिथे नेहमीची. 'बहुमत सिद्ध केलं' लिहिलंत तर प्रेक्षक मतदानाच्या प्रसंगाची वाट बघत बसेल आणि तो येणारच नाही.

'दावा'ही चूकच. आपल्याकडे तो सह्यांचं पत्र घेऊन राज्यपालांपुढे स्वतःसाठी करतात. तिथे लहान पक्ष दुसऱ्याचं नाव सुचवतात, आणि नेमली गेली म्हणून ती व्यक्ती पंतप्रधान होत नाही. २०२२ साली डाव्या पक्षांच्या लाल गटाला काठावर ९० जागा मिळाल्या, त्यातल्या ३ ग्रीनलंड आणि फॅरो बेटांच्या. तरी त्या गटाच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी राजीनामा दिला, सहा आठवडे बोलणी केली आणि समोरच्या निळ्या गटातल्या व्हेन्स्ट्र पक्षाला आणि मधल्या मॉडरेट्सना घेऊन सरकार बनवलं. त्या सहा आठवड्यांत त्यांनी 'दावा' कसला केला?

पायवाट: आमच्या पतसंस्थेत अध्यक्ष निवडताना सूचक आणि अनुमोदक असतात. तसंच ना?

गोदाकाठ: 'सूचक' त्या पक्षनेत्यांना लागू पडेल. नेमलेल्या व्यक्तीला नाही.

रानजाई: 'राणीने तिला सरकार जुळवायला सांगितलं' हे ओळीत बसतं. पण पुढे तिला त्याच पदनामाने हाक मारतात, तिथे नाम लागेल.

तिसरी घंटा: 'जुळवाजुळव' मात्र नको, त्याला फोडाफोडीचा वास येतो. आणि गटांना 'युती', 'आघाडी' म्हणू नका. महाराष्ट्रात हे शब्द ऐकले की विशिष्ट पक्षच डोळ्यांपुढे येतात. मालिका कोणाची बाजू घेत नाही, मग सबटायटलने का घ्यावी? 'लाल गट', 'निळा गट' ठेवा.

अक्षरवेडा: 'आघाडी' अस्सल मराठी शब्द आहे. पक्षांनी वापरला म्हणून आपण तो टाकायचा?

तिसरी घंटा: टाकायचा नाही. या मालिकेत वापरायचा नाही.

अक्षरवेडा: मग 'गट' तरी निर्मळ कुठे आहे? आपल्याकडे पक्ष फुटला की पहिला 'गट'च होतो.