रोज संध्याकाळी दोन-तीन तास रडते, पाय पोटाशी घेते. कॉलिक, रिफ्लक्स की भूक? (मुलगी ६ आठवड्यांची)

ऐरोलीची_आई
मुलगी सहा आठवड्यांची आहे, फक्त अंगावरचं दूध. दिवसभर छान असते. संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होते ती दहापर्यंत. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घट्ट, मधूनच वायू सरतो. खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारल्या की पाच मिनिटं थांबते, परत सुरू. दूध पाजल्यावर कधीकधी तोंडातून थोडं दूध येतं, म्हणून बहीण म्हणते रिफ्लक्स आहे. सासूबाई म्हणतात, "तुझं दूध संध्याकाळी पुरत नाही." मला स्वतःलाही त्या वेळी छाती रिकामी वाटते. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पोटदुखीचे थेंब दिलेत, अजून बाटली उघडलेली नाही. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. तोवर काय बघू?

नौपाड्याची_काकू
अगं, गॅस आहे, दुसरं काही नाही. तू वाल, हरभरा, कोबी बंद कर. हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लाव. आणि बाळगुटी सुरू कर, आमच्या तिन्ही मुलांना वेखंड-जायफळाचे वेढे दिले होते. वर मधाचं बोट. शांत झोपायची.

खारघर_बाबा
आमच्या मुलालाही असंच व्हायचं, हिरड्या शिवशिवत होत्या. टीदर फ्रीजमध्ये ठेवून दे, फरक पडेल.

ऐरोलीची_आई
दादा, सहा आठवडे, सहा महिने नाही. 🙂

वॉर्डातली_ताई
मी बालरोग वॉर्डात नर्स आहे. मी मुलीला पाहिलेलं नाही, तेव्हा डॉक्टरांकडे जायचंच. पण आधी काही गोष्टी सांग. जन्माचं वजन आणि आताचं, शक्यतो एकाच काट्यावरचं. चोवीस तासांत लघवीचे लंगोट किती? रडणं पाजण्याला चिकटून येतं की घड्याळाला? दूध येतं ते नुसतं ओघळतं की जोरात फेकलं जातं, आणि रंग कोणता? ताप? शीमध्ये रक्त?

काकू, हिंग वरून लावा, माझी तक्रार नाही. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. आणि जायफळाने मूल शांत झोपतं, कारण ते गुंगी आणतं. इतक्या लहान जिवाला किती उगाळलं गेलं, याचं माप कोणाकडे नसतं.

ऐरोलीची_आई
जन्म २.९५ किलो. चौदाव्या दिवशी क्लिनिकच्या काट्यावर ३.० आणि काल तिथेच, कपडे काढून, ३.८५. लघवी सात-आठ वेळा. ताप नाही, रक्त नाही. दूध नुसतं ओघळतं, पांढरंच असतं. दुपारी पाजल्यावरही ओघळतं, पण तेव्हा ती हसत असते! रडणं मात्र संध्याकाळचंच, आधी पाजलेलं असो वा नसो. काल सासूबाईंनी पावडरचं दूध ६० मिली बनवलं, ४० प्यायली, अर्ध्या तासात परत तेच.

वॉर्डातली_ताई
बरं, आता तुझ्याच आकड्यांवरून बघू.

चौदाव्या दिवसापासून कालपर्यंत चार आठवडे झाले, वजन ८५० ग्रॅम वाढलं. म्हणजे दिवसाला साधारण ३० ग्रॅम. या वयात २० ते ३० अपेक्षित असतं. सात-आठ लंगोट ओले होतायत. दूध पुरत नाही असं मला यात कुठेच दिसत नाही. संध्याकाळी बाळं तासाभरात तीनदा छातीला लागतात, छाती मऊ पडलेली असते, म्हणून आईला रिकामी वाटते. दूध तेव्हाही येत असतं. आणि बाटली तोंडात दिली की भूक नसतानाही बाळ चोखतं, त्यामुळे ४० मिली प्यायली म्हणजे उपाशी होती असं होत नाही. भुकेचं रडणं असतं तर पाजल्यावर थांबलं असतं. भुकेलं बाळ रडण्याआधी तोंड इकडेतिकडे फिरवतं, मूठ चोखतं, तेवढं बघत जा.

रिफ्लक्सचं. दूध ओघळणं या वयात बहुतेक बाळांना असतं. त्रास देणारा रिफ्लक्स घड्याळ बघत नाही. सकाळी, दुपारी, रात्री, पाजताना किंवा पाजल्यावर लगेच बाळ कळवळतं, पाठ कमानीसारखी मागे टाकतं, दोन घोट घेऊन छाती सोडून रडतं, आणि पुढे वजन अडतं. तुझी मुलगी दुपारी दूध ओघळत असताना हसते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

राहिलं कॉलिक. चांगलं वाढणारं मूल, ठरलेली वेळ, कशानेही न थांबणारं रडणं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या आसपास सर्वात जास्त, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. तू आत्ता शिखरावर आहेस. पाय पोटाशी घेणं सगळ्याच रडणाऱ्या बाळांत दिसतं, त्यावरून पोटच दुखतंय असं म्हणता येत नाही. वायूही बराचसा रडताना गिळलेल्या हवेचा असतो.

घोडबंदर_मॉम
ताई, थोडं असहमत. माझ्या मुलाचं "कॉलिकच आहे" म्हणून महिना गेला. शेवटी शीमध्ये चिकट आव आणि रक्ताचे तंतू दिसले, गायीच्या दुधाची ॲलर्जी निघाली. मी दूध-दही-पनीर बंद केल्यावर हळूहळू शांत झाला. आणि दुसऱ्या मुलाला डॉक्टरांनी प्रोबायोटिकचे थेंब दिले, त्याने फरक पडला.

वॉर्डातली_ताई
ॲलर्जीचं बरोबर आहे, म्हणूनच रक्ताचं विचारलं. अंगावर सतत कोरडे लाल चट्टे असतील तर तेही परवा दाखव. पण रक्त, चट्टे काही नसताना आईने आपल्या मनाने सगळं दूध-दही सोडू नये. बाळंतिणीचेच हाल होतात. करायचंच तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन आठवडे, आणि मग परत खाऊन बघायचं, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही.

प्रोबायोटिकमध्ये रॉयटेरी नावाच्या जिवाणूचा अंगावर पिणाऱ्या बाळांत काही प्रमाणात उपयोग दिसलेला आहे. पण कॉलिक आपोआपही कमी होतं, त्यामुळे तुमच्या घरी थेंबांनी थांबलं की वयाने, हे मला खरंच सांगता येणार नाही.

नौपाड्याची_काकू
मग संध्याकाळी करायचं तरी काय? नुसतं रडू द्यायचं?

वॉर्डातली_ताई
नाही हो काकू. दिवे मंद, टीव्ही बंद, पाहुणे नकोत. पालथं हातावर घ्यायचं, डोकं कोपराशी, पोट हाताच्या तळव्यावर, आणि हळू चालायचं. एकाने वीस मिनिटं, मग दुसऱ्याने. दर दोन मिनिटांनी उपाय बदलला की बाळ जास्तच भांबावतं. घरात कोणाचं डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दार लोटून पाच मिनिटं बाहेर उभं राहायचं. रागाच्या भरात बाळाला कधीही हलवायचं नाही, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

परवाची वाट बघायची नाही ती या गोष्टींसाठी: १००.४ किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, प्रत्येक पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी उलटी, शीमध्ये रक्त, पोट टम्म, जांघेत फुगवटा, दूधच न ओढणं, किंवा नेहमीपेक्षा सुस्त पडून राहणं. रडणं अचानक वेगळंच वाटलं तर अंगावरचे सगळे कपडे काढून बोटं तपास. पायाच्या बोटाला केस गुंडाळला जाऊन ते सुजलेलं मी पाहिलंय.

आणि त्या थेंबांच्या बाटलीवर औषधाचं नाव काय आहे? ब्रँड नको, खाली बारीक अक्षरात असतं ते.

ऐरोलीची_आई
बोटं बघितली, ठीक आहेत. बाटलीवर दोन नावं आहेत, सिमेथिकोन आणि डायसायक्लोमाइन.

वॉर्डातली_ताई
देऊ नकोस. डायसायक्लोमाइन सहा महिन्यांच्या आत द्यायचं नसतं, लहान बाळांना श्वासाचा त्रास झालेला आहे. नुसतं सिमेथिकोन सहसा अपाय करत नाही, पण कॉलिकला फारसा उपयोगही दिसलेला नाही.

ऐरोलीची_आई
बाटली परत देऊन टाकते. अजून एक, सासूबाई विचारतायत की संध्याकाळची ती पावडरची बाटली चालू ठेवायची का. मला नको आहे, पण परवापर्यंत घरात कसं सांगू?

घोडबंदर_मॉम
क्लिनिकच्या कार्डावर दोन्ही वजनं लिहिलेली असतील ना? ते कार्ड त्यांच्या हातात दे. माझ्या सासूबाईंनी माझं काही ऐकलं नव्हतं, पण कार्ड वाचलं.