यूके थिअरी टेस्ट: इंधन बचत आणि प्रदूषणाचे प्रश्न – पाठांतर नको, कारणं समजावून सांगा

अश्विनी_रेडिंग

नमस्कार मंडळी. थिअरीची तारीख घेतली आहे. ५० पैकी ४३ बरोबर हवेत. रस्त्यावरच्या पाट्या, अंतर, हॅझर्डच्या क्लिप वगैरे ठीक चाललंय. माझं अडतंय ते पर्यावरणाच्या प्रश्नांपाशी. पुण्यात बरीच वर्षं गाडी चालवली आहे, त्यामुळे काही उत्तरं पटतच नाहीत.

पुढे सिग्नल लाल दिसला की गाडी न्यूट्रलला टाकून सोडून द्यायची, असं मी शिकले. सरावाच्या प्रश्नांत मात्र ते चूक धरतात. गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढा म्हणतात. इंजिन मोकळं फिरलं तर पेट्रोल कमीच लागेल ना? दुसरं म्हणजे ताशी ७० मैलांनी गेलं तर ५० पेक्षा ३० टक्क्यांपर्यंत जास्त इंधन लागतं, असं उत्तर आहे. हा ३० कुठून आला? आणि तिसरं, काही प्रश्नांत ‘इंधन वाचतं’ आणि ‘प्रदूषण कमी होतं’ हे दोन्ही पर्याय समोरासमोर येतात. मला ते एकच वाटतात. कोणी नीट समजावून सांगेल का? पुस्तक कुठलं घ्यावं तेही सांगा.

अण्णा_कोल्हापूरकर

ताई, तुमचं बरोबर आहे, परीक्षावाल्यांचं चूक आहे. मी पद्मिनी चालवायचो तेव्हापासून सांगतो, उतारावर न्यूट्रल केलं की ॲव्हरेज वाढतं. आंबा घाटात सगळे ड्रायव्हर तेच करायचे. परीक्षेत त्यांना हवं ते लिहा आणि गाडी आपल्या पद्धतीने चालवा.

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

अण्णा, तुमच्या पद्मिनीपुरतं तुम्ही बरोबर आहात. तिला कार्ब्युरेटर होता. रेस सोडली आणि गाडी गिअरमध्ये असली तरी इंजिन जोरात फिरतंय तोवर ते कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राहायचं. न्यूट्रलला इंजिन आयडलवर यायचं, म्हणून पेट्रोल वाचायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नेमकं उलट होतं. गाडी गिअरमध्ये आहे आणि पाय पूर्ण काढलाय, हे कॉम्प्युटरला कळलं की तो इंजेक्टर बंद करतो. तेव्हा चाकं इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोलची गरजच उरत नाही. न्यूट्रल केलं की इंजिनाला फिरवणारं कोणी नसतं. बंद पडू नये म्हणून त्याला स्वतःचं पेट्रोल जाळावं लागतं.

अश्विनीताई, हे डोळ्यांनी बघता येतं. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा आकडा लावा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय काढलात की तो टोकाला जाऊन अडकतो. वेग पडत गेला, इंजिनाचे फेरे आयडलच्या जवळ आले, की आकडा पुन्हा खाली येतो. कान दिलात तर त्या क्षणी हलकासा धक्काही जाणवतो. ते पेट्रोल परत सुरू झाल्याचं लक्षण.

आता हिशोब. छोटी पेट्रोल गाडी, वेग ३० मैल, सिग्नल १५० मीटरवर लाल आहे. तिथपर्यंत पाय दाबून गेलात आणि शेवटी ब्रेक मारलात तर साधारण ७-८ मिली पेट्रोल जाईल. न्यूट्रलला सोडलीत तर त्या पंधरा-एक सेकंदांत आयडलचं ३ मिलीच्या आसपास. गिअरमध्ये ठेवून पाय काढलात तर जवळपास शून्य. एकेकटे हे आकडे किरकोळ दिसतात, पण शहरात असे सिग्नल मोजायला बसा.

ब्रेकचंही बघा. १२०० किलोची गाडी शून्यापासून ३० मैलांपर्यंत न्यायला नुसत्या वेगासाठी १३ मिलीच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं एक झाकण भरून थोडं वर. जोरात ब्रेक मारला की ते सगळं डिस्कच्या उष्णतेत जातं. ‘लांब पुढे बघून चालवा’ हे उत्तर बरोबर का धरतात ते यावरून कळेल. पुढचा अंदाज असला की ब्रेकला पाय कमी लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे अशा प्रत्येक फुकट थांब्यामागे ३० ग्रॅम.

अण्णा_कोल्हापूरकर

बरं, इंजेक्शनचं मानलं. पण न्यूट्रलला गाडी जास्त लांब घरंगळते, हे तर खरं? गिअरमध्ये ती लगेच मंदावते.

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

खरं आहे. सपाट, लांबलचक मोकळ्या रस्त्यावर, जिथे थांबायचंच नाही, तिथे न्यूट्रलने थोडं वाचूही शकतं. पण परीक्षा तो हिशोब विचारत नाही. हायवे कोड म्हणजे इथलं वाहतुकीचं नियमपुस्तक, त्याचा १२२ वा नियम न्यूट्रलला नाही म्हणतो तो ताब्यासाठी: इंजिन ब्रेकिंग जातं, उतारावर वेग पटकन वाढतो, ब्रेकचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि अडचणीत गिअर टाकायचा तर वेळेवर पडत नाही. पर्यायांत ‘न्यूट्रल’ किंवा ‘क्लच दाबून घरंगळणे’ दिसलं की ते उत्तर नाही, डोळे झाकून सोडा.

सायली_लीड्स

पण भारतीय लायसन्सवर इथे एक वर्ष चालवता येतं ना? मग परीक्षा कशाला? माझ्या नवऱ्याने तर काहीच दिलं नाही.

अश्विनी_रेडिंग

सायली, ते १२ महिने इथे राहायला आल्यापासून धरतात. माझे संपत आलेत. पुढे चालवायचं तर प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. नवऱ्याला तारीख तपासायला सांग, विम्याचाही घोळ होईल.

गॅरेजवाले दादा, ब्रेकचं एकदम पटलं. ७० आणि ५० चं सांगा ना. मी हिशोब केला: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७० ला जवळजवळ दुप्पट. मग इंधनही दुप्पट व्हायला हवं, ३० टक्केच कसं?

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

हवेचा हिशोब चोख आहे. पण पेट्रोल फक्त हवेशी झगडण्यात जात नाही. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध प्रत्येक मैलामागे जवळपास तेवढाच राहतो. इंजिनाचं स्वतःचं घर्षण असतं. शिवाय ५० ला इंजिनावर भार इतका हलका असतो की ते मन लावून काम करत नाही, ७० ला थोडं बरं करतं. हे सगळं मिसळलं की दुप्पट न होता ३० टक्क्यांपर्यंत येतं. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे, उंच चौकोनी गाडी आणि बुटकी सेडान यांचा आकडा एक येणार नाही. परीक्षेत ३० दिसलं तर तेच निवडा. टपावरच्या रिकाम्या कॅरिअरचा प्रश्नही याच कुळातला आहे: वजनापेक्षा हवा अडते म्हणून काढून ठेवा. गिअर गाळून तिसऱ्यावरून पाचवा टाकण्याचाही एक प्रश्न येतो. वेग वाढवत राहण्याचा काळ कमी होतो म्हणून इंधन वाचतं, इतकंच लक्षात ठेवा.

मिलिंद_स्लाव

अहो, पण हे सगळं कागदावर. माझी डिझेल गाडी ॲव्हरेजला एक नंबर आहे, पेट्रोलवाले जळतात. तरी लंडनमध्ये शिरलो की दिवसाला १२.५० पौंड भरा! कमी इंधन म्हणजे कमी प्रदूषण, मग मलाच दंड का? वर आता काजळीच्या फिल्टरचा दिवा लागलाय. मुलांना शाळेत सोडून परत, एवढाच तर गाडीचा वापर आहे.

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

मिलिंद, अश्विनीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गाडीतच आहे. धुरात दोन वेगळ्या गोष्टी असतात. कार्बन डायऑक्साइड थेट इंधनाच्या प्रमाणात निघतो, तिथे ‘इंधन वाचलं म्हणजे प्रदूषण वाचलं’ हे तंतोतंत खरं. नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, काजळी मात्र इंजिनात इंधन कसं जळतंय आणि धुराच्या नळीत पुढे काय बसवलंय यावर ठरतात. डिझेल कमी पितं, पण नायट्रोजन ऑक्साइडमध्ये जुनी डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा वाईट. म्हणूनच लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्ये पेट्रोलला साधारण २००६ नंतरची गाडी चालते आणि डिझेलला साधारण २०१५ च्या सप्टेंबरनंतरची, धुराच्या युरो ६ मानकाची, लागते. तो दंड नाही, तिथे गाडी आणायचा दर आहे.

फिल्टरचा दिवा छोट्या फेऱ्यांमुळेच. काजळी जळून जायला धूर बराच वेळ तापलेला राहावा लागतो. शाळेच्या फेरीत तेवढं तापतच नाही. एकदा मोटरवेवर सलग दौड मारून या. दिवा लुकलुकत राहिला किंवा गाडी ताकद देईना झाली तर मात्र गॅरेज गाठा, रेटू नका.

पेट्रोलच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं दुखणंही तेच. तो साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्यावरच विषारी वायू नीट मोडतो. पहिली काही मिनिटं जवळपास सगळं तसंच बाहेर. म्हणून ‘छोट्या अंतराला गाडी काढू नका, चालत जा’ हे उत्तर परीक्षेत येतं, ते नुसतं उपदेश म्हणून नाही.

अण्णा_कोल्हापूरकर

मग थंडीत निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून तापवलेलं बरं!

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

नको. आयडलवर कन्व्हर्टर फार हळू तापतो, तेवढा वेळ धूर सुटतोच, मिनिटाला १०-१२ मिली पेट्रोलही जातं. काचेवरचा बर्फ आधी खरवडून सगळा काढा, आणि निघाल्यावर पहिला मैल-दोन मैल हलक्या पायाने चालवा. शिवाय रस्त्यावर उगाच इंजिन चालू ठेवून उभं राहणं नियमातच बसत नाही. १२३ वा नियम वाचा: दोनेक मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर हँडब्रेक लावून इंजिन बंद.

अश्विनी_रेडिंग

आता तिन्ही जागच्या जागी बसलं. पुस्तकाचं राहिलं.

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

हायवे कोड सरकारी साइटवर फुकट आहे, तो आधी वाचा. नंतर परीक्षा घेणाऱ्या डीव्हीएसएचंच सरावाचं पुस्तक किंवा ॲप. फुकटच्या ॲपांत जुने प्रश्न तसेच पडलेले असतात.

नेहा_एडिंबरा

मधेच विचारते. आमच्या नव्या ऑटोमॅटिकमध्ये हायवेवर पाय काढला की गाडी स्वतःच इंजिन सुटं करून घरंगळते, कंपनी म्हणते इंधन वाचतं. मग हे न्यूट्रलच झालं ना? आणि इलेक्ट्रिक घेतली तर हे सगळे प्रश्न संपले का?

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

पहिल्याचं उत्तर हो, वरचा अण्णांचा मुद्दा कंपन्यांनी उचलला आहे. फरक एवढाच की ब्रेकला पाय लागला की तुमची गाडी स्वतः गिअर पकडते, हाताने टाकलेला न्यूट्रल तसं करत नाही. परीक्षेत उत्तर बदलत नाही. इलेक्ट्रिकमध्ये नळीतून काही निघत नाही, ब्रेकची धूळही कमी पडते कारण मोटरच वेग कमी करते. पण गाडी जड, त्यामुळे टायर झिजून उडणाऱ्या धुळीचं काय, यावर आमच्या गॅरेजातच दोन तट आहेत.

मिलिंद_स्लाव

मोटरवेवर कितव्या गिअरमध्ये आणि किती वेळ चालवू? आज संध्याकाळी निघतोय.

गॅरेजवाला_कॉव्हेंट्री

गाडीचं मॅन्युअल बघा, मॉडेलप्रमाणे बदलतं. आकडा नसेल तर सर्वात वरच्याऐवजी एक गिअर खाली ठेवा म्हणजे फेरे थोडे चढे राहतील, आणि दिवा जाईपर्यंत मध्ये थांबू नका. टाकीत डिझेल अगदी तळाला असेल तर बऱ्याच गाड्या फिल्टर जाळायला सुरुवातच करत नाहीत, आधी भरून घ्या.