न्यूमोनियाची औषधं चालू, तरी ताप उतरत नाही: छातीत किंवा फुफ्फुसात पू झालेल्यांनी अनुभव लिहा (नागपूर आणि आसपास)

खामल्याची_लेक
ज्यांच्या घरी न्यूमोनियानंतर छातीत पू झाला त्यांनी इथे लिहावं म्हणून धागा काढतेय, बाबा ॲडमिट होते तेव्हा मला मराठीत काहीच धड वाचायला मिळालं नव्हतं. आधी आमचं सांगते.

बाबा एकसष्ट वर्षांचे, शुगर जुनी. ऐन थंडीत उजव्या बाजूचा न्यूमोनिया झाला, ॲडमिट केलं, सलाईनमधून सेफ्ट्रियाक्सोन आणि सोबत ॲझिथ्रो. दोन-तीन दिवसांत ताप उतरायला पाहिजे असं सांगितलं होतं. दिवसा थोडा कमी व्हायचा पण संध्याकाळ झाली की हुडहुडी भरून परत १०२. खोकला तर कमी झाला होता, म्हणून सगळ्यांना वाटायचं सुधारणा आहे, पण भूक मेलेली आणि उजवीकडे खोल श्वास घेतला की कळ यायची. एक्सरेत खालचा भाग आधीपेक्षा जास्त पांढरा. न्यूमोनिया वाढलाय म्हणून अँटिबायोटिक बदललं, त्यात अजून दोन दिवस गेले.

मग धंतोलीतल्या एका छातीच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पलंगावरच सोनोग्राफी केली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. फुफ्फुसाच्या बाहेर पाणी आणि त्या पाण्यात मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे. लगेच सुई टाकून थोडं काढलं. पिवळं गढूळ होतं, पू असा दिसत नव्हता. पण पीएच ६.९, त्या पाण्यातली साखर १२ आणि त्याच वेळी रक्तातली २१०, एलडीएच चार हजारच्या वर. डॉक्टर म्हणाले की पीएच ७.२ च्या खाली गेला की डोळ्याला पू दिसो न दिसो, नळी टाकायची, आत जंतू साखर खाऊन आम्ल बनवून राहिलेत आणि तिथे नुसतं औषध पुरत नाही.

नळी टाकली, बारीक पिगटेल. पहिल्या दिवशी भरपूर निघालं, दुसऱ्या दिवशी एकदम बंद. ताप एक दिवस उतरला आणि परत १०१. तेव्हा कॉन्ट्रास्टचा सीटी झाला, रिपोर्टात 'स्प्लिट प्ल्युरा साइन' लिहिलेलं. म्हणजे फुफ्फुसाभोवतीचे दोन्ही पडदे जाड होऊन एकमेकांपासून लांब गेलेले आणि मधे पू अडकलेला. नळी एका कप्प्यात होती, बाकीचे कप्पे भरलेलेच. मग कप्पे मोकळे व्हावेत म्हणून नळीतून युरोकायनेज नावाचं औषध सोडायचे, काही तास क्लॅम्प लावून ठेवायचे, मग उघडायचे, असं तीन दिवस चाललं. लालसर घाण खूप निघाली आणि ताप गेला तो गेलाच. सर्जनही आधीच येऊन पाहून गेले होते, यानेही नाही झालं तर दुर्बिणीतून साफ करू म्हणून. ते टळलं. अँटिबायोटिक सगळं मिळून महिन्याच्या वर चाललं, शेवटचे दिवस घरी गोळ्या.

तुमचं काय झालं ते सांगा, विशेषतः नळी कधी टाकली आणि ताप कधी उतरला.

काटोल_रोडवाला
ताई आमच्या भावाचं सांगतो. त्याला फिट येतात आणि पिणंही होतं. न्यूमोनिया म्हणून भरती केलं, ताप उतरूनच नाही राहिला, आणि मग एक दिवस खोकता खोकता इतका घाण वासाचा बेडका पडला का बाजूच्या पलंगावरचे लोकं उठून गेले. सीटीत फुफ्फुसात गोल पोकळी, जाड भिंत, अर्धी पाण्याची अर्धी हवेची. पण डॉक्टर नळी टाकायला तयारच नाही! पू आहे तर काढा ना बाप्पा, इतकं साधं आहे. आम्ही खूप भांडलो. पू असला का नळी लागतेच, दुनियेत कुठेही विचारा. शेवटी औषधानेच बरा झाला पण दीड महिना लागला, नळी टाकली असती तर आठ दिवसांत घरी आला असता.

छातीवॉर्ड_सिस्टर
मी बरीच वर्षं चेस्ट वॉर्डात काम केलंय. काटोल रोडवाले भाऊ, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. ताईंच्या बाबांचा पू फुफ्फुसाच्या बाहेर होता, पडद्यांच्या मधे, तिथून बाहेर यायला त्याला वाटच नाही, म्हणून नळी. तुमच्या भावाचा पू फुफ्फुसाच्या आत होता आणि त्याला श्वासनळीची वाट मिळाली, तो घाण बेडका म्हणजे तोच पू. फोटोत अर्धी हवा दिसली ती त्याच वाटेने आत आली. असा फोडा बहुतेक वेळा औषधावर आणि खोकून निघण्यावर बरा होतो. बाहेरून नळी खुपसली तर फुफ्फुसातून हवा गळायला लागू शकते आणि फुफ्फुसाबाहेरच्या चांगल्या जागेत, पडद्यांच्या मधे, पू सांडू शकतो, मग आधी एक आजार होता तिथे दोन. सहा सेंटिमीटरच्या वर मोठा असेल, किंवा आठ-दहा दिवस नीट औषध जाऊनही ताप हटत नसेल, तेव्हा नळीचा विचार करतात.

आणि दीड महिना हा त्याचा नेहमीचाच काळ आहे. ताप गेल्यावर लोकं गोळ्या सोडतात आणि परत येतात, आम्ही हे फार पाहिलं. भिंतीच्या आत रक्त कमी पोचतं म्हणून औषधही कमी पोचतं, त्यामुळे पोकळी मिटेपर्यंत किंवा एक्सरेत छोटा डाग उरेपर्यंत चालवतात. फिट आणि दारू दोन्हीत शुद्ध हरपते, तोंडातलं लाळ-जंतू फुफ्फुसात उतरतं, झोपलेल्या माणसाचं जास्त करून उजवीकडे. भावाचे दात एकदा दाखवून घ्या, सडके असतील तर तिथूनच परत होऊ शकतं.

काटोल_रोडवाला
सिस्टर हे आम्हाला कोणी असं सांगितलंच नाही. दाताचं खरं आहे, दोन दाढा पार गेल्या आहेत त्याच्या. तरी मला वाटते का सुईने तरी काढायला पाहिजे होतं.

महालकर६४
मलाही छातीत पाणी झालं होतं, २००९ साली. बारीक ताप, वजन उतरलं, सुईने पाणी काढलं, त्या पाण्याच्या तपासणीत एडीए वाढलेला आला, सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या आणि ठणठणीत झालो. नळीबिळी काही लागली नाही. ताईंच्या बाबांचा एडीए केला का? वाढलेला असेल तर तो टीबीच समजा, उगाच महागडी इंजेक्शनं काहून घ्यायची.

खामल्याची_लेक
काका केला होता, ८८ आला होता, आणि घरात आम्ही सगळे त्याच्यावरच अडकलो होतो. पण डॉक्टर म्हणाले हा धरायचा नाही.

छातीवॉर्ड_सिस्टर
काका तुमचं पाणी लिंबू-पाण्यासारखं स्वच्छ असणार आणि त्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असणार, तिथे वाढलेला एडीए टीबीकडे बोट दाखवतो. साध्या जंतूंच्या पुवातही एडीए खूप वाढतो, तिथे न्यूट्रोफिल भरलेले असतात. म्हणून पुवात एडीए पाहून टीबी ठरवत नाहीत, पू सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधायच्या तपासणीला पाठवतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की ते पाठवायलाच पाहिजे, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी शंभर टक्के नाही असं म्हणता येत नाही.

मनीषनगर_आई
आमच्याकडे याच्यावरून दोन डॉक्टरांचं दोन मत होतं. मुलगी चार वर्षांची, डाव्या बाजूला पू, नळी, युरोकायनेज, सगळं झालं. पुवाच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, सीबीनॅट निगेटिव्ह. एक जण म्हणाले टीबीचं औषध सुरू करून टाकू, दुसरे म्हणाले पंधरा दिवस थांबा, ताप खाली येतोय आणि खायला लागलीय. आम्ही थांबलो. आता छान आहे, पण कोणाचं बरोबर होतं ते मला अजूनही सांगता येणार नाही.

मला सांगायचं ते एक्सरेचं. डिस्चार्जच्या वेळी एक्सरे इतका खराब होता की माझ्या सासूबाई तिला घरी न्यायलाच तयार नव्हत्या. डॉक्टर म्हणाले फोटो नका पाहू, पोरीला पाहा, फोटो साफ व्हायला तीन ते सहा महिने लागतात. आणि खरंच तसंच झालं, उन्हाळ्याच्या सुट्या संपता संपता काढला तो एक्सरे एकदम स्वच्छ. लहान मुलांचं फुफ्फुस फार छान परत फुलतं म्हणाले.

कल्चरबद्दल सिस्टर सांगतील का, काहीच का उगवत नाही?

छातीवॉर्ड_सिस्टर
पू काढायच्या आधीच बरंच अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं, हे मोठं कारण. काही जंतू हवेत जगतच नाहीत, साध्या बाटलीत पाठवला की लॅबमध्ये पोचेपर्यंत संपले. म्हणून पू काढला की थोडा ब्लड कल्चरच्या बाटलीतही टाकतात, त्यात सापडण्याची शक्यता वाढते. कल्चर कोरं आलं तरी औषध अंदाजाने तोंडातल्या जंतूंना धरूनच चालू ठेवतात.

हिंगणा_एमआयडीसी
माझा प्रश्न आत्ताचा आहे. आई ॲडमिट आहे, परवा नळी टाकली, पहिल्या दिवशी ताप उतरला, आज परत १०१.५. नळी ज्या बाटलीत सोडलीय तिथलं पाणी कालपर्यंत श्वासासोबत वर-खाली व्हायचं, आज स्थिर आहे. नर्स म्हणते स्थिर झालं म्हणजे फुफ्फुस फुललं, चांगलं आहे. मला बरं वाटून नाही राहिलं. वॉर्डबॉयने पलंग सरकवताना बाटली पलंगावर ठेवली होती, त्यानेही काही झालं असेल का?

छातीवॉर्ड_सिस्टर
पाणी हलणं दोन कारणांनी थांबतं. एक, फुफ्फुस पूर्ण फुललं. दोन, नळी बंद झाली, वाकली किंवा पुवाच्या गुठळीने बुजली. फुफ्फुस फुललं असतं तर तापही उतरलेला असता, इथे ताप परत आला म्हणून मला दुसरं कारण जास्त वाटतं. आत्ता नळी पट्टीपासून बाटलीपर्यंत नजरेने पाहा, आईच्या अंगाखाली दबली आहे का, कुठे मुडपली आहे का. स्वतः पिळू नका, क्लॅम्प लावू नका. ड्यूटी डॉक्टरांना बोलवा, ते सलाईनने नळी धुऊन पाहतील. न सुटल्यास परत सोनोग्राफी मागा, आत किती उरलंय आणि कप्पे झालेत का हे त्यात दिसेल.

बाटली नेहमी छातीच्या खाली, जमिनीवर किंवा स्टँडला. वर उचलली की बाटलीतलं उलटं छातीत जाऊ शकतं. ते घडलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि नळीतून बुडबुडे येतात का ते पाहून मला सांगा.

हिंगणा_एमआयडीसी
बुडबुडे नाहीत. नळी खरंच कुशीखाली दबली होती, सरळ केली तर थोडं हलायला लागलं पण पहिल्यासारखं नाही. ड्यूटी डॉक्टर येऊन धुऊन गेले, घट्ट पू निघाला. सोनोग्राफी सकाळी करतो म्हणाले.

खामल्याची_लेक
दादा सोनोग्राफीत कप्पे दिसले तर युरोकायनेजबद्दल विचारा आणि सर्जनना आत्ताच एकदा पाहून जायला सांगा. आमच्या डॉक्टरांनी तेच केलं होतं, कारण पडद्यावरची साय जाड व्हायच्या आत ऑपरेशन केलं तर दुर्बिणीतून होतं, उशीर झाला की छाती उघडून साय सोलावी लागते. आईंना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का तेही आधी सांगून ठेवा, युरोकायनेजने रक्तस्राव होऊ शकतो. आणि तीन छोट्या चेंडूंचं ते फुंकायचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. बाबांना दोन दिवस कोणी सांगितलं नव्हतं.

हिंगणा_एमआयडीसी
क्लोपिडोग्रेल चालू आहे, स्टेंट आहे आईला. बरं झालं विचारलं ताई, फाइलमध्ये कुठे लिहिलेलं दिसून नाही राहिलं, आत्ताच जाऊन सांगतो.