ज्वारीच्या पफसाठी नाव हवंय, यादी दिली आहे, खटकणारं काही असेल तर सांगा

रेवती_मंगळवेढा
नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या बायकांचा बचत गट ज्वारीचे मसाला पफ करतो. इतके दिवस साध्या पिशवीत भरून ओळखीपाळखीत आणि जत्रेत विकले. आता छापील पाकीट करायचंय. माल सोलापूर, पुणे आणि विजयपूरला जाईल, शिवाय ऑनलाइन. म्हणून नाव वर देवनागरीत आणि खाली रोमनमध्ये असेल.

गटाने सुचवलेली नावं: खुसखुशीत, खरपूस, टपोर, शाळू, मंगळवेढा पफ. मला शाळू फार आवडलंय, कारण आमची ज्वारी रब्बीचीच आहे. छपाईचे सिलिंडर एकदा बनले की नाव बदलणं परवडणार नाही, म्हणून आधीच विचारते आहे.

ल_कुलकर्णी
रेवतीताई, पाकिटांच्या डिझाइनचं काम मी बरीच वर्षं करतोय. आधी सगळी यादी रोमनमध्ये लिहून काढा. Khuskhushit आणि Kharpus. आता फक्त शेवटची तीन-चार अक्षरं इंग्रजी वाचणाऱ्याच्या नजरेने बघा. एकात विष्ठा आहे, दुसऱ्यात पू. आपल्याला ते दिसत नाही, कारण आपण अख्खा शब्द ओळखून पुढे जातो. पुण्यातल्या मॉलमध्ये परप्रांतीय मुलगा मात्र ते अक्षर अक्षर लावून वाचतो. Khuskhusheet, Kharpoos असं लिहिता येईल, पण मग निम्मे लोक एका स्पेलिंगने शोधतील आणि निम्मे दुसऱ्या.

शाळूची अडचण वेगळी. रोमनमध्ये ळ नाही. Shalu लिहिलं की वाचणारा शालू म्हणणार. शोधायला गेलात तर रेशमी साड्या पुढे येणार, आणि हिंदी भाषकाला ते मुलीचं नाव वाटणार. शब्द सुंदर आहे, पण पाकिटाच्या मागच्या बाजूला 'शाळूपासून बनवलेले' असं वापरा.

टपोरला मुंबईत लगेच 'टपोरी' चिकटेल. दाण्यांबद्दल बोलताना आपण टपोर म्हणतो, पण दाणा शेजारी नसला की तो अर्थ उरत नाही.

दत्ता_माळी
माझा अनुभव सांगतो. कुरकुरीत पदार्थाच्या नावात क, ट, च पाहिजेच. कुरकुरे बघा, नाव घेतलं की दाताखाली आवाज येतो. ल, म, स वाली नावं मिठाईला शोभतात. आणि ताई, नाव ठरलं की लगेच उद्यम नोंदणीत टाका, म्हणजे दुसरं कोणी ते उचलू शकणार नाही.

ल_कुलकर्णी
दत्ताभाऊ, आवाजाबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. अशी अक्षरं कानाला टणक लागतात. पण 'पाहिजेच' नको. लिज्जत 1959 पासून आहे, सुरुवात ल ने आहे आणि माल पापड. तिथे मधला ज्ज काम करतो. आणि फार जवळच्या आवाजात गेलात, कुरकुर, कुरकुरी वगैरे, तर मोठ्या कंपनीची नोटीस येऊ शकते.

उद्यमचं मात्र तसं नाही. तिथे धंद्याची नोंद होते, नावावर हक्क मिळत नाही. हक्क ट्रेडमार्कने मिळतो. तिथे उद्यमचा फायदा असा, की लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 9000 ऐवजी 4500 पडते. धान्याचे पफ वर्ग 30 मध्ये येतात. पुढे मसाला शेंगदाणे काढलेत तर ते वर्ग 29, तिथे वेगळी फी.

सायली_इंदूर
आमच्या लाडवांसाठी आम्ही 'पौष्टिक' या शब्दाभोवती नाव घेतलं होतं. परीक्षण अहवालात कलम 9 खाली आक्षेप आला, की हा शब्द मालाचा गुण सांगतो, तो एकाला कसा द्यायचा. उत्तराला 30 दिवस होते, वकील करावा लागला. खुसखुशीत आणि खरपूसचं तेच होईल असं मला वाटतं. नुसतं स्पेलिंग बदलून ते सुटत नाही.

नाना_पंढरपूर
पोरी, ज्वारी मालदांडी असेल तर 'मालदांडी पफ' ठेव की! आणि मशीन कुठलं घेतलंत? आमच्याकडे चांगली ज्वारी पडून आहे, गटाला हवी असेल तर सांग.

रेवती_मंगळवेढा
नाना, ज्वारीचं व्यक्तिगत निरोपात बोलूया, खरंच हवी आहे. मालदांडी हे वाणाचं नाव आहे, ते कोणीही वापरेल. मंगळवेढा पफ पण काढून टाकलं. गावाचं नाव आपल्या एकट्याचं होत नाही, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन असल्यामुळे त्याचे नियम वेगळे.

कुलकर्णीकाका, चवीची विशेषणं सोडून आम्ही आता रानातले शब्द काढले: सुगी, पाखड, खळं, गोफण. सासूबाईंनी तर ढीग घातला शब्दांचा.

ल_कुलकर्णी
ही दिशा चांगली आहे. असा शब्द मालाचं वर्णन करत नाही, पण मालाच्या घरचाच असतो.

पाखड सोडा, हिंदीत 'पाखंड' ऐकू येईल. खळं रोमनमध्ये Khala होतं, त्याचं खाला झालं की मावशी. सुगी बोलायला गोड आहे, पण Sugi इंग्रजीत soggy च्या फार जवळ जातं, म्हणजे सादळलेलं. कुरकुरीत मालाला याहून वाईट काय असेल?

बसवराज_विजयपूर
आमच्याकडे कन्नडमध्ये सुग्गी म्हणजे सुगीच. विजयपूरला हे नाव लगेच आपलं वाटेल. इथे soggy कोण म्हणणार आहे? एवढ्यासाठी टाकू नका.

ल_कुलकर्णी
बसवराज, विजयपूरपुरतं तुमचं पटतं. पण मग रोमनमध्ये Sugi की Suggi, हे आधी ठरवावं लागेल, आणि दोन g घेतले तर soggy आणखी जवळ येतं.

गोफण मला जास्त भक्कम वाटतं. गुजरातीत गोफण, हिंदीत गोफन, म्हणजे शेजारी अर्थ बिघडत नाही. ताई, एक करा. मराठी न येणाऱ्या दोघा-तिघांना फोनवर नाव सांगा आणि ऐकलं तसं टाइप करून पाठवायला सांगा. मग दुसऱ्याच कोणाला नुसतं Gofan दाखवून मोठ्याने वाचायला लावा. शेवटी दुकानात उभं राहून 'दोन गोफण द्या' म्हणून बघा. दुकानदाराने 'काय?' विचारलं तर कुठलं अक्षर हरवलं ते लगेच कळतं.

ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग 30 टाकून Wordmark मध्ये Contains निवडा. Gofan, Gophan दोन्ही बघा, मग Phonetic ने परत शोधा, कारण नुसत्या अक्षरांच्या शोधात सारख्या उच्चाराचं नाव सुटतं. अर्ज टाकण्याआधी एखाद्या एजंटाची नजरही फिरवून घ्या.

रेवती_मंगळवेढा
फोनवर विचारून झालं. हैदराबादच्या मैत्रिणीने Gofan लिहिलं, तिच्या नवऱ्याने Gophan. बंगळुरूच्या एकीने वाचताना 'गो फॅन' म्हटलं, पण दुसऱ्यांदा ऐकल्यावर बरोबर म्हणाली. ट्रेडमार्कचा शोध उद्या घेते.

सायली_इंदूर
'गो फॅन' चालेल गं, त्यात वाईट अर्थ नाही. पण मला एक खुपतंय. गोफणीत दगड घालतात. धान्याच्या पदार्थावर ते नाव वाचून एखाद्याला खडा आठवला तर?

दत्ता_माळी
शेतकऱ्याला पाखरं आठवतील, खडा नाही.

सायली_इंदूर
शेतकऱ्याला हो. पण पाकीट विकत घेणार पुण्यातली आई, मुलाच्या डब्यासाठी.

रेवती_मंगळवेढा
सायलीताई, हे आमच्या कोणाच्याच मनात आलं नव्हतं. गटात विचारलं तर बायका दत्ताभाऊंसारखंच म्हणतात, पण आमच्यापैकी प्रत्येकीने गोफण फिरवलेली आहे. पुण्यातल्या प्रदर्शनात अर्ध्या पिशव्यांना गोफण आणि अर्ध्यांना सुगी असं चिकटपट्टीचं लेबल लावून ठेवते, माल तोच. कोणी दगडाचं बोललं किंवा सादळल्याचं बोललं, तर इथे लिहीन. तोवर सिलिंडरची ऑर्डर थांबवली आहे.