‘सर्व्हायव्हल कर्व्ह’ आणि ‘सेन्सर्ड’ यांना मराठीत काय म्हणावं?

शाईचा डाग
आमचं छोटं डिजिटल मासिक आहे, दर महिन्याला वर्गणी कापली जाते. वर्गणीदार किती काळ टिकतात यावर मराठीत टिपण लिहायचंय. ‘वर्गणीदाराचं सरासरी आयुष्य’ असं लिहिलं, तर संपादक म्हणाले, “अहो, माणूस गेला का?” ‘कार्यकाळ’ सरपंचाचा वाटतो. ‘उत्तरजीविता वक्र’ वाचून तर मीच दचकलो. आणि ‘सेन्सर्ड’चं काय करू?

नाट्यवेडा
सेन्सॉरला ‘परिनिरीक्षण’ हा शब्द आहेच की. नाटकांसाठी परिनिरीक्षण मंडळ असतं. ‘परिनिरीक्षित वर्गणीदार’ म्हणा. पण तुमच्या मासिकात असं काय छापून येतं?

शाईचा डाग
नाही हो, कात्री लागलेला मजकूर नव्हे! जो वर्गणीदार अजून चालू आहे, म्हणजे तो एकूण किती टिकेल हे अजून कळलेलं नाही, त्याला म्हणतात. आमच्या अगदी पहिल्या 10 जणांचे आकडे देतो. सोडून गेलेले पाच जण: 2, 3, 3, 6 आणि 10 महिन्यांनी. अजून चालू असलेले पाच जण: त्यांना आजवर 4, 5, 8, 12 आणि 12 महिने झालेत. गेलेल्यांची सरासरी 4.8 महिने येते, तीच मी टिपणात टाकली आहे.

हिशेबनीस
चालू असलेल्यांना का वगळलंत? सगळे धरा. 65 महिने भागिले 10 माणसं, साडेसहा. झालं.

विमागणिती
झालं नाही. 4.8 मध्ये फक्त सोडून गेलेलेच आहेत, म्हणजे जे चिवट आहेत त्यांनाच तुम्ही हिशेबाबाहेर ठेवलंत. साडेसहात ते आले खरे, पण 12 महिने झालेला चालू वर्गणीदार जणू आजच सोडून गेला असं धरून. दोन्ही आकडे कमीच दाखवणार.
हिशेबनीस, तुमच्या पद्धतीची गंमत बघा. उद्या दिवाळी अंकाच्या सवलतीत नवे 10 जण आले आणि प्रत्येकाचा एकच महिना झालाय असं समजा. 75 भागिले 20, म्हणजे 3.75. एकानेही वर्गणी सोडलेली नाही, उलट मासिक वाढलंय, आणि तुमचा आकडा मात्र कोसळला.

चौकार
मग शब्द आपल्याकडे आहेच, ‘नाबाद’! ब्रॅडमनचे कसोटीतले डाव 80, धावा 6996, नाबाद 10 वेळा. 80 ने भागलं तर 87.45 येतात, पण आपण 70 ने भागतो आणि 99.94 म्हणतो. नाबाद डावातल्या धावा धरायच्या, तो डाव मात्र बाद म्हणून मोजायचा नाही. तुमचे 65 महिने, बाद पाच. सरासरी 13 महिने. वक्रबिक्र काढत बसायची गरजच नाही.

विमागणिती
‘नाबाद’ मी आजच उचलला. ‘सेन्सर्ड’साठी याहून नेमका शब्द मला सुचला नव्हता.
तुमचे 13 चूक नाहीत, पण त्यांना एक अट आहे: बाद होण्याचा धोका पहिल्या महिन्यात आणि बाराव्या महिन्यात सारखाच हवा. इथे तो तसा दिसत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांचे मिळून 29 महिने खेळून झाले आणि तीन बाद. पुढच्या 36 महिन्यांत फक्त दोन. (दहा माणसांवरून छातीठोक बोलू नये, पण वर्गणीच्या धंद्यात सुरुवातीची गळती जास्त असणं नेहमीचं.) शिवाय 13 महिने कोणी पाहिलेच नाहीत, सगळ्यात जुना वर्गणीदार 12 महिन्यांचा.

शाईचा डाग
मग वक्र नाबादांचं काय करतो? तेवढं एकदा हाताने करून दाखवा ना.

विमागणिती
कॅप्लन आणि मायर यांनी 1958 मध्ये मांडलेली रीत आहे. शाळेतला ‘पट’ डोळ्यासमोर आणा. कोणीतरी सोडून गेलं की त्या क्षणी पटावर किती जण होते एवढंच विचारायचं.
दुसऱ्या महिन्यात पटावर 10, गेला 1. टिकले 0.9. तिसऱ्यात पटावर 9, गेले 2. म्हणून 0.9 ला 7/9 ने गुणा, 0.7 आले. आता गंमत. 4 आणि 5 महिने झालेले दोघे नाबाद आहेत. त्यांचं सहाव्या महिन्यात काय होईल हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तोवर ते पटावरून उतरतात, पण रेषा खाली येत नाही. सहाव्यात पटावर 5, गेला 1, 0.7 गुणिले 4/5, म्हणजे 0.56. मग 8 महिनेवाला नाबाद उतरला. दहाव्यात पटावर 3, गेला 1, उरले सुमारे 0.37.
म्हणजे निम्मे वर्गणीदार दहाव्या महिन्यापर्यंत गळतात. टिपणात हा मध्यक लिहा. सरासरीच हवी असेल तर रेषेखालचं क्षेत्रफळ 12 महिन्यांपर्यंत काढा. ते जवळजवळ 8 येतं: ‘पहिल्या 12 महिन्यांपैकी सरासरी 8 महिने’. ‘एकूण आयुष्य’ म्हणू नका, शेपूट अजून दिसलेलं नाही. दिवाळीचे ते 10 जण आले तरी ही रेषा जागची हलत नाही, कारण दुसऱ्या महिन्याच्या पटावर ते नसतातच.

कोकणकन्या
माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या आप्पांनी एका मासिकाची ‘आजीव’ वर्गणी भरली होती. आप्पा ठणठणीत आहेत, मासिकच बंद पडलं. आता यात आजीव कोण होतं? पैसे तर गेलेच.

विमागणिती
ताई, तुमचे आप्पा नाबादच. पाऊस आला, सामना थांबला, फलंदाज बाद नव्हे.

चौकार
पण प्रकाश अंधूक झाला म्हणून फलंदाजच निघून गेला तर? बाद होणार हे दिसल्यावर?

विमागणिती
तिथेच रीत फसते. नाबाद राहण्याचं कारण आणि बाद होण्याचा धोका यांचा एकमेकांशी संबंध नसावा, एवढी तिची अट आहे. शाईचा डाग, तुमच्याकडे कार्डाची मुदत संपून ज्यांची वर्गणी आपोआप थांबली, त्यांना कुठे टाकलंत?

शाईचा डाग
नाबादांत. त्यांनी ‘सोडतो’ असं म्हटलं नव्हतं. वरच्या दहात तसा कोणी नाही, पण पूर्ण यादीत बरेच आहेत.

विमागणिती
मग रेषा खोटी वर राहील. कंटाळलेला माणूस नवं कार्ड घालत नाही, गप्प बसतो. मी त्यांना बाद धरेन.

हिशेबनीस
काही जण खरंच विसरतात हो. दोन महिन्यांनी परत येतात. आमच्या वाचनालयात अर्धे असेच.

विमागणिती
मग दोन रेषा काढा, एकीत ते बाद, दुसरीत नाबाद. दोन्हींत फार अंतर पडलं तर त्या लोकांना फोन करण्यावाचून उपाय नाही.

शाईचा डाग
तर चालू म्हणजे ‘नाबाद’, चर्नला ‘गळती’, आणि मोजायला ‘पट’. वक्राला ‘टिकाव-रेषा’ म्हणू?

नाट्यवेडा
‘टिकाव’ म्हटलं की मला फरशीचा रंग आठवतो. ‘तग-रेषा’ म्हणा.

कोकणकन्या
तग धरतात ते संकटात. मासिक वाचणं एवढं वाईट आहे का?

विमागणिती
मी ‘टिकाव-रेषा’च म्हणेन, पण आकृती पायऱ्यांची काढा. सॉफ्टवेअर गुळगुळीत करून देईल, ती घेऊ नका. शेवटच्या पायरीला पटावर तीनच माणसं होती, हे वाचणाऱ्याला दिसायला हवं.