प्रतिसाद: शेंगेन स्टिकरवरच्या तारखा आणि दिवस

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्या व्हिसाच्या स्टिकरचा आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय, "व्हिसा ८ जूनपर्यंत आहे, मग तोवर राहायला काय हरकत?"

हरकत आहे. फोटोत तारखांच्या खालच्या ओळीत, 'ड्युरेशन ऑफ स्टे'समोर १५ लिहिलंय, ते बघा. १० मे ते ८ जून ही फक्त मुदत आहे. त्या काळात कधीही जा, पण मुक्काम १५ दिवसांचाच. फ्रँकफर्टच्या शिक्क्यावर बाण चौकटीच्या आत वळलाय, म्हणजे तो प्रवेशाचा, आणि तारीख १२ मे. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजतात. म्हणजे २६ मे हा शेवटचा दिवस. २७ तारखेचं परतीचं तिकीट असेल तर आजच बदलून घ्या, एक दिवस जास्त राहिलात तरी तो नियमभंगच.

'नंबर ऑफ एंट्रीज'समोर ०१ आहे, त्याकडे इतर प्रतिसादांत कुणी लक्ष वेधलेलं दिसलं नाही. पॅरिसहून झुरिकला जाण्यात अडचण नाही, स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच येतं. पण मध्येच दोन दिवस लंडनला गेलात, तर तुमची एकमेव एंट्री संपली. उरलेले दिवस असूनही परत शेंगेनमध्ये शिरता येणार नाही. तिथे 'मल्ट', म्हणजे अनेक एंट्री, असं असतं तर चाललं असतं. त्यामुळे लंडन करायचंच असेल तर अगदी शेवटी ठेवा आणि मुंबईचं विमान तिथूनच पकडा. ब्रिटनचा व्हिसा अर्थात वेगळा लागेल.