अनुभव धागा: ‘आज तुमचे खाते बंद होईल’ असा मेसेज आला, तो खरा की खोटा हे तुम्ही कसं ओळखलंत?

मृण्मयी_सांगली

मागच्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला सासूबाईंचा फोन आला. आवाज कापत होता. “अगं, बँकेचं खातं आज बंद होणार म्हणे. पॅन टाकलं, पासवर्ड टाकला, आता ओटीपी मागतंय. सांगू का?”

मेसेज इंग्रजीत होता: पॅन अपडेट केलेलं नाही, खातं आज ब्लॉक होईल, खालच्या लिंकवर जा. आला होता एका साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. लिंक उघडल्यावर बँकेचं बोधचिन्ह, तोच रंग, तीच लॉगिनची चौकट. आई निवृत्त शिक्षिका, नेट बँकिंग स्वतः करतात, तरीही फसत होत्या.

मी एवढंच म्हटलं, “आई, ओटीपी सांगू नका, आधी तो मेसेज पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचा.” त्यांनी वाचला. तो ओटीपी पॅनसाठी नव्हताच, नवीन लाभार्थी जोडण्यासाठी होता. म्हणजे त्या इकडे पासवर्ड टाकत होत्या आणि तिकडे कुणीतरी तोच वापरून त्यांच्या खऱ्या खात्यात शिरलं होतं. डेबिट कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून नेट बँकिंग बंद करून घेतलं. पैसे वाचले. पण त्या दोन दिवस जेवल्या नाहीत नीट.

तुमचे अनुभव लिहा. कशावरून ओळखलंत, आणि ओळखता आलं नसेल तर कुठं चुकलं, तेही.

धावता_धोटा

सोपं आहे. मोबाइल नंबरवरून आला तर खोटा. `VM-` किंवा `AD-` अशी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेचं नाव असेल तर खरा. मी सहा वर्षं एवढंच बघतो, कधी फसलो नाही.

नाना_३१_वर्षं_काउंटर

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, शेवटची सात वर्षं केवायसीचंच टेबल होतं. मृण्मयीताई, मला त्या मेसेजमधला ‘आज’ हा शब्दच पुरेसा वाटतो.

केवायसीला मुदत असते. जोखमीप्रमाणे दोन, आठ किंवा दहा वर्षांनी ती पुन्हा करायची. पगारदार, पेन्शनर यांची बहुतेक खाती कमी जोखमीची, म्हणजे दहा वर्षं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नियम आणखी स्पष्ट केला: मुदत संपण्याआधी किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एक तरी पत्राने. मुदत उलटल्यावरही तीन स्मरणपत्रं, त्यातलंही एक पत्राने. दुपारी मेसेज आणि संध्याकाळी खातं बंद, असं या रीतीत बसतच नाही.

दुसरं, पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर ‘बदल नाही’ एवढं लिहून दिलं की काम होतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून, एटीएमवर, नेट बँकिंगमध्ये किंवा शाखेत साधा कागद देऊन. त्यासाठी पासवर्ड कोण कशाला मागेल?

शिरोडकर_म्हापसा

नाना, तुमचं पटतं, पण माझं उलटं झालं ते सांगतो. मी सगळेच मेसेज खोटे समजून पुसून टाकायचो. बँकेकडून केवायसीचे तीन-चार आले, तेही पुसले. पत्र गेलं जुन्या घराच्या पत्त्यावर, तिथं आता भाडेकरू राहतात. मग एक दिवस गृहकर्जाचा हप्ता परत गेला. खात्यात पैसे होते, जमाही होत होते, पण बाहेर काही जात नव्हतं. दंड भरला, कर्जाच्या नोंदीवर डाग आला तो वेगळा. तेव्हा ‘खाते बंद’ म्हणणारा प्रत्येक मेसेज खोटाच, असं पोरांना शिकवू नका.

नाना_३१_वर्षं_काउंटर

शिरोडकर, अगदी हेच मी काउंटरवर कितीदा पाहिलंय. पत्ता बदलला की लोक आधार बदलतात, गॅसचा बदलतात आणि बँक राहून जाते. खरा मेसेज पुसणं आणि खोट्यावर बोट दाबणं, दोन्हीवर उपाय एकच: मेसेजला उत्तर देऊ नका, त्यातली लिंक नको, त्यातला नंबरही नको. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा आणि विचारायचं, माझी केवायसीची तारीख कोणती? दोन मिनिटांत सांगतात. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका, तिथेही ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

हेडरवाली_पुणे

मी कंपन्यांचे मेसेज पाठवणाऱ्या एका फर्ममध्ये काम करते, रोज हेच हाताळते. धावता_धोटा, तुमचं अर्धं बरोबर आहे. बँक साध्या दहा आकडी नंबरवरून असं कळवत नाही, तिथे शंकाच नको. पण उरलेलं अर्धं धोक्याचं आहे.

ती अक्षरं म्हणजे हेडर. पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं सर्कलचं. नंतरची सहा अक्षरं पाठवणाऱ्या संस्थेने नोंदवलेली. मे २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर दिसतं: `-S` सेवेसाठी, `-T` व्यवहारासाठी, `-P` जाहिरातीसाठी, `-G` सरकारी. बँकेच्या नावाने ‘खातं बंद’ सांगणाऱ्या मेसेजला `-P` असेल तर काहीतरी गडबड आहे. हेडर कुणाच्या नावावर आहे ते `smsheader.trai.gov.in` वर कुणालाही बघता येतं. सहा अक्षरं टाकायची, संस्थेचं नाव दिसतं. दिसायला बँकेसारखं हेडर एखाद्या भलत्याच कंपनीचं निघू शकतं.

आता मर्यादा. मे २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने आठ संस्थांचे त्र्याहत्तर हेडर काळ्या यादीत टाकले, कारण त्यांवरून फसवणुकीचे मेसेज जात होते. म्हणजे नोंदणी झालेलं हेडरही वाईट हातात पडतं. आमच्या धंद्यात मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, पण साच्यात नाव, रक्कम, तारीख यांसाठी रिकाम्या जागा असतात. त्या जागांत लोकांनी अख्खी वाक्यं कोंबली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवलेली लिंकच मेसेजमधून जाऊ शकते, त्यामुळे हेडरवरून येणाऱ्या लिंकांना बराच आळा बसला. साध्या मोबाइल नंबरवरून येणाऱ्यांना हा नियम लागतच नाही, म्हणून ठग आता तिकडे आणि व्हॉट्सॲपवर जास्त दिसतात.

आणि परदेशात, ब्रिटन-थायलंडमध्ये, गाडीत खोट्या टॉवरचं यंत्र ठेवून आसपासच्या फोनांवर हवं त्या नावाने मेसेज सोडणारे पकडले गेलेत. असा मेसेज तुमच्या बँकेच्या जुन्या मेसेजांच्या रांगेतच जाऊन बसतो. त्यामुळे ‘त्याच रांगेत आला’ हा पुरावा धरू नका.

धावता_धोटा

हे माहीत नव्हतं. आत्ताच माझ्याकडचे चार हेडर टाकून बघितले. तीन बँकेचे, चौथं एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं निघालं. मी वर्षभर ते बँकेचंच समजत होतो.

वैशाली_वाडा

आमच्याकडे विजेचा येतो, ‘रात्री साडेनऊला कनेक्शन कापणार, या अधिकाऱ्याला फोन करा’. तो खरा असतो का? बिल भरलेलं आहे, तरी भीती वाटते.

हेडरवाली_पुणे

वैशालीताई, तोही त्याच कुळातला. फोन केलात की स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतात. बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन वीज कंपनीच्या ॲपमध्येच थकबाकी बघा.

कदम_मास्तर

मी फसलो आहे, म्हणून लिहितो. मला लिंक नव्हती. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची फाइल आली, शेवटी `.apk` असं होतं. ‘केवायसी ॲप’ म्हणून उघडली. तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी दिली. त्यानंतर मला कुणी ओटीपी विचारलाच नाही, ते परस्पर वाचत होते. तीन व्यवहारांत ८४ हजार गेले. ओटीपी कुणाला सांगितला नाही तर धोका नाही, असं मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो.

भाच्याने लगेच १९३० ला फोन लावला, व्यवहार क्रमांक दिले, मग `cybercrime.gov.in` वर तक्रार. पहिला व्यवहार निघून गेला होता, उरलेले दोन पुढच्या खात्यात अडवता आले. पहिल्याचे २९ हजार अजून अडकलेत. बँक म्हणते परवानगी तुम्ही दिलीत.

नाना_३१_वर्षं_काउंटर

मास्तर, जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. तुमच्या बाबतीत वाद ‘निष्काळजीपणा’ कशाला म्हणायचं यावर होईल. लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. निकाल काय लागेल ते मी छातीठोक सांगणार नाही.

निशिगंधा_ठाणे

मला वेगळाच प्रश्न आहे. माझं खातं कुठल्या बँकेत आहे ते त्यांना कळतं कसं? शाखेतूनच माहिती जाते, मला खात्री आहे.

हेडरवाली_पुणे

बऱ्याचदा कळलेलंच नसतं. एका मोठ्या बँकेच्या नावाने लाखभर नंबरांवर मेसेज सोडला की कित्येकांचं खातं तिथे असतंच. ज्यांचं नसतं ते दुर्लक्ष करतात, म्हणून त्यांचं आपल्याला कळत नाही.

निशिगंधा_ठाणे

मला आलेल्यात खात्याचे शेवटचे चार आकडेही बरोबर होते. ते अंदाजाने नाही येत.

हेडरवाली_पुणे

मग तुमचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. कुठून गेले ते सांगता येत नाही, पण एक नक्की: आकडे बरोबर आहेत म्हणून मेसेज बँकेचा ठरत नाही.

लिंक वाचायची कशी तेही सांगते. मृण्मयी, सासूबाईंच्या मेसेजमधली लिंक साधारण अशी असेल:

```
https://tumchibank.bank.in.kyc-update.example/login
```

डोळा आधी डावीकडे जातो आणि बँकेचं नाव दिसतं. वाचायचं उलट. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. रेघेला चिकटून `kyc-update.example` आहे, तोच खरा मालक. आधीचं सगळं त्याने स्वतःच लिहिलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` वर जायला सांगितलं होतं आणि ते नाव बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पण ते त्या रेघेला चिकटून असायला हवं, मधे कुठेतरी नाही.

मृण्मयी_सांगली

लिंक जवळजवळ अशीच होती, आत्ता पुन्हा पाहिली. गुरुवारी आईंना घेऊन शाखेत गेले. तिथल्या मुलीने पडद्यावर दाखवलं: केवायसीला अजून चार वर्षं आहेत. पॅन तर कधीचंच जोडलेलं. आईंनी पासबुकाच्या पुठ्ठ्यावर शाखेचा फोन मोठ्या अक्षरात लिहून घेतला.

आणि आज सकाळी त्यांना आणखी एक मेसेज आलाय, पेन्शनचं खातं आहे त्या दुसऱ्या बँकेकडून. शेवटी `-S` आहे, लिंक नाही, केवायसीची मुदत पुढच्या महिन्यात संपते, शाखेत या, एवढंच. हेडर त्या संकेतस्थळावर टाकलं, बँकेचंच निघालं. आई म्हणतात, “मी आता कशालाच हात लावणार नाही.” शिरोडकरांचा हप्ता त्यांना वाचून दाखवलाय. सोमवारी शाखा उघडली की फोन करतो आणि इथं लिहिते.